फोनवर ५जी दिसतंय, व्हिडिओ चालतोय, पण फोटो जात नाही: हा त्रास ओळखायचा आणि सोडवायचा कसा

तक्रार साधारण अशी असते. फोनच्या वरच्या पट्टीत ५जी दिसतंय, रेंजच्या दोन-तीन दांड्याही आहेत, व्हिडिओ न अडखळता चालतोय. पण कुणाला फोटो पाठवला की ते गोल फिरतच राहतं. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा आवाज आपल्याला स्वच्छ येतो आणि तोच आपल्याला सांगतो, "तुझं काही कळत नाहीये, तुटतंय." विमान मोड लावून काढला की अनेकदा थोडा वेळ बरं चालतं, मग पुन्हा तेच. शेवटी वैतागून फोन ४जीवर टाकला की त्रास गायब.

यावरून बहुतेक जण दोनपैकी एक निष्कर्ष काढतात: फोन बिघडलाय, नाहीतर ५जी म्हणजे नुसता गाजावाजा. दोन्ही सहसा खरं नसतं. घराच्या किंवा ऑफिसच्या ठरावीक जागीच हे होत असेल, तर फोनपर्यंत येणारी वाट ठीक असते आणि फोनकडून जाणारी वाट बसलेली असते. स्पीड टेस्ट केली तरी आपली नजर डाउनलोडच्या मोठ्या आकड्यावर जाते, त्यामुळे हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही.

वर जाणारी वाटच का बसते

टॉवरवरचा ५जीचा संच शंभर वॉटच्याही वर ताकद लावू शकतो. आपला फोन बोलतो तो साधारण ०.२ वॉटवर, काही फोन ५जीच्या ठरावीक बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, याच्या दुप्पट आणि फार थोडे चौपट जातात. सभागृहात ध्वनिक्षेपकावरचं भाषण शेवटच्या रांगेत ऐकू जातं, पण त्या रांगेतून विचारलेला प्रश्न व्यासपीठापर्यंत पोचत नाही, तसा हा प्रकार आहे.

ही तफावत ४जीमध्येही होतीच. मग ५जीमध्ये नवीन काय झालं? फ्रिक्वेन्सी वर गेली. ५जीचा वेग ज्याच्यामुळे जाणवतो तो मधला बँड बहुतेक ठिकाणी ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झच्या आसपास असतो. ४जी बऱ्याचदा ७०० ते ९०० आणि १८०० ते २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. मोकळ्या हवेत, बाकी सगळं सारखं धरलं, तर ९०० च्या तुलनेत ३५०० मेगाहर्ट्झवर पोचणारी ताकद साधारण पंधरावा हिस्सा उरते. वर भिंती, लोखंडी सळ्यांचा स्लॅब आणि काचेवरचा उष्णतारोधक थर यांतूनही वरची फ्रिक्वेन्सी जास्त अडते. टॉवरकडे डझनावारी छोटे अँटेना असतात. ते झोत तुमच्या दिशेने वळवून ही घट बरीचशी भरून काढतात. फोनच्या हातात असं फारसं काही नाही.

त्यात वेळेचीही वाटणी आहे. या मधल्या बँडवर येणारा आणि जाणारा डेटा एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतो आणि पाळ्या सारख्या नसतात. लोक पाठवतात कमी आणि मागवतात जास्त, म्हणून फोनच्या वाट्याला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा वेळ येतो. ४जीच्या बऱ्याच बँडवर जाण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी असते आणि ती पूर्णवेळ मोकळी असते. (४जीचेही काही बँड पाळीपाळीने चालतात, तिथे हा फायदा मिळत नाही.) म्हणजे कमजोर आवाज, आणि बोलायला वेळही थोडा.

आता यात एक गंमत आहे. वेबपेज उघडणं हे वरवर पाहता डाउनलोडचं काम, पण त्याची सुरुवात फोनने वर पाठवलेल्या मागणीने होते. पत्ता शोधायची विनंती, जोडणी उभी करायचे निरोप, आलेल्या डेटाची पोच, हे सगळं वरच जातं. ते अडकलं की खाली कितीही रुंद रस्ता असो, पान पांढरंच राहतं. व्हिडिओ मात्र टिकतो, कारण एकदा सुरू झाला की त्याला वर फार थोडं पाठवावं लागतं आणि पुढचा काही भाग आधीच साठवलेला असतो. म्हणूनच "व्हिडिओ चालतो पण मेसेज जात नाही" हे ऐकलं की माझा पहिला संशय अपलोडवर जातो.

मग फोन स्वतःहून ४जीवर का जात नाही, हा रास्त प्रश्न आहे. कारण निर्णय मुख्यतः फोनचा नसतोच. फोन सिग्नलची मापं टॉवरला कळवतो आणि कुठल्या मापाला कुठे हलवायचं ते कंपनीने टॉवरवर आधीच ठरवून ठेवलेलं असतं. फोन रिकामा बसलेला असतानाही ५जीला वरचा क्रम द्यायचा, ही सूचना टॉवरकडूनच येते. ही मापं मुख्यतः टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची असतात. ती किमान मर्यादेच्या जरा वर असली की फोन ५जीवरच ठेवला जातो, मग वर जाणाऱ्या वाटेचे हाल काहीही असोत.

वरच्या पट्टीतल्या खुणेवर किती विश्वास ठेवायचा

थोडाच. ५जी दोन प्रकारे चालतं. एकात नियंत्रणाचं सगळं काम ४जी करतं आणि ५जी फक्त डेटाची जास्तीची वाट म्हणून जोडलं जातं. याला नॉन-स्टँडअलोन म्हणतात. दुसऱ्यात ५जी स्वतःच्या पायावर उभं असतं, ते स्टँडअलोन.

नॉन-स्टँडअलोनमध्ये ४जीचा टॉवर "माझ्या जोडीला ५जी असू शकतं" एवढंच जाहीर करतो आणि अनेक फोन तेवढ्यावर ५जीची खूण दाखवून मोकळे होतात. त्या क्षणी डेटा पूर्ण ४जीवरून वाहत असू शकतो. दांड्यांचंही तसंच: किती सिग्नलला किती दांड्या, याचं सगळ्या फोनना लागू असं एक माप नाही. दोन फोन शेजारी ठेवून "याला चार दांड्या, त्याला दोनच" अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

शिवाय ५जी ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या बँडवरही चालवतात. तिथे रेंज लांब जाते, भिंतीही पार होतात, पण जागा अरुंद असते. ५जीचा खरा वेग मधल्या बँडवरच्या रुंदीतून येतो: ४जीचा एक वाहक, म्हणजे डेटा वाहून नेणारा एक पट्टा, जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, ५जीचा या बँडवर १०० पर्यंत. खालच्या बँडवर १०-२० मेगाहर्ट्झच मिळाले, तर खूण ५जीची आणि वेग ४जीसारखा. यात बिघाड काही नाही.

जागेवर बसून करायची तपासणी

वायफाय बंद करा, व्हीपीएन आणि डेटा सेव्हर बंद करा. जिथे त्रास होतो तिथेच, फोन एकाच जागी टेबलावर ठेवून तपासा. हातात धरून फिरलात तर आकडे काहीच सांगणार नाहीत.

अँड्रॉइडवर डायलरमध्ये हे टाइप करा:

```
*#*#4636#*#*
```

`Phone information` उघडलं की त्यात सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते आणि `NR State (NSA)` अशी ओळ असेल तर तिच्यावरून नॉन-स्टँडअलोन ५जी खरंच जोडलंय का ते कळतं; या मेनूत NR म्हणजे ५जी. `CONNECTED` असेल तर जोडलंय. `NOT_RESTRICTED` म्हणजे इथे मिळू शकतं, पण या घडीला तुम्ही ४जीवर आहात. काही कंपन्यांच्या फोनवर हा कोड चालत नाही. तिथे सेटिंगमधल्या सिम स्टेटसच्या पानावर डीबीएम सापडतं. आयफोनवर यासाठी हा कोड आहे:

```
*3001#12345#*
```

डीबीएमचे आकडे उणे असतात, म्हणून शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं. −९० च्या आसपास उत्तम, −१०० ला कामचलाऊ, −११० च्या पलीकडे ५जीच्या मधल्या बँडवर अपलोडची खात्री देता येत नाही. दर दहा अंकांना ताकद दहापट बदलते, त्यामुळे −१०२ आणि −११२ मधला फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

मग स्पीड टेस्ट. एकदा ५जीवर, एकदा ४जीवर, त्याच जागी आणि लागोपाठ. डाउनलोडचा आकडा सोडून द्या. पाहायचं ते अपलोड, आणि अपलोड चालू असतानाची पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ. बऱ्याच टेस्टमध्ये ही भाराखालची पिंग वेगळी दाखवतात.

एका मित्राच्या घरी ही तपासणी केली तेव्हाचे आकडे देतो, कारण त्यात चित्र अगदी लख्ख दिसतं. टॉवर रस्त्याच्या बाजूला, आणि त्याचं कामाचं टेबल मागच्या खोलीत, मध्ये दोन भिंती. नेटवर्क स्टँडअलोन. खिडकीपाशी ५जीचा सिग्नल −८८, डाउनलोड ३१० एमबीपीएस, अपलोड २४. खिडकीपाशी त्याची काही तक्रारच नव्हती. टेबलावर सिग्नल −११३. डाउनलोड ४६, म्हणजे कुणालाही पुरेल एवढं. अपलोड ०.४. साधी पिंग ३८ मिलिसेकंद, पण अपलोड सुरू झाला की ती ९०० च्या वर.

त्याच टेबलावर फोन ४जीवर टाकला. सिग्नल −१०१, डाउनलोड १४, अपलोड ५.६, पिंग ५२ आणि भाराखाली १३०.

डाउनलोड पाहिलं तर ४जी तिपटीहून हळू, आणि तरी वापरताना तेच जलद वाटत होतं. हिशेब साधा आहे. चार एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. ०.४ एमबीपीएसने तो जायला ८० सेकंद लागतात, ५.६ ने सहा सेकंदांत जातो. साध्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी साधारण एक एमबीपीएस लागतं. ५जीवर वरच्या बाजूला तेवढंही नव्हतं, म्हणून त्याला सगळे दिसत होते आणि तो कुणाला धड दिसत नव्हता. आणि फोटो पार्श्वभूमीला आपोआप साठवले जात असले, तर त्या ८० सेकंदांत उघडलेल्या प्रत्येक पानाचा एकेक निरोप जवळजवळ सेकंदभर अडणार. लोक "नेट अधूनमधून गचके खातं" म्हणतात, तो गचका बऱ्याचदा हा असतो.

एरवी हाच त्रास नॉन-स्टँडअलोन नेटवर्कवर कमी दिसतो. तिथे जाणारा डेटा ४जीच्या वाटेने पाठवायची सोय असते, आणि कंपनीने ती नीट लावली असेल तर वापरणाऱ्याला काही जाणवतही नाही.

यासारखे दिसणारे, पण वेगळे त्रास

गर्दीचा त्रास याच्याशी फार गल्लत करतो. खूण सोपी आहे: सिग्नल चांगला, −९० च्या आसपास, आणि तरी डाउनलोड-अपलोड दोन्ही मंद, संध्याकाळी वाईट, पहाटे ठणठणीत. इथे ४जीवर गेल्याने सुधारणा होत नाही, उलट सहसा आणखी बिघडतं, कारण ४जीची जागा अरुंद आणि त्यावर माणसं जास्त. स्टेडियम, मोठं स्टेशन, यात्रा अशा ठिकाणी ५जीचा खरा फायदा दिसतो. घरी एकट्याने व्हिडिओ पाहताना तो दिसायचा नाही; एचडी व्हिडिओला पाचेक एमबीपीएस पुरतात आणि तेवढे ४जीही देतं.

कॉल आला की ५जीच्या जागी ४जी दिसायला लागतं, ही तक्रारही वारंवार येते. हा दोष नाही. स्टँडअलोन ५जीवरून आवाजाचे कॉल थेट चालवायची सोय सगळीकडे नसते. ती नसेल तिथे कॉल लागताना फोनला ४जीवर उतरवतात. कॉल लागायला त्यामुळे क्षणभर जास्त लागतो आणि कॉल संपल्यावरही ५जी परत यायला थोडा वेळ जातो.

दोन सिम असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. दुसऱ्या सिमवर कॉल चालू असताना बऱ्याच फोनमध्ये पहिल्या सिमचा डेटा थांबतो. "बोलताना नेट बंद पडतं" याचं मूळ कित्येकदा एवढंच असतं.

खिशातला फोन गरम होऊन बॅटरी भराभर उतरत असेल, तर मात्र तो वरच्या त्रासाचाच भाऊ असू शकतो. ५जीच्या हद्दीवर बसलेला फोन सतत इकडून तिकडे ढकलला जातो, शिवाय दूरच्या टॉवरपर्यंत पोचायला पूर्ण ताकदीने ओरडत असतो. नॉन-स्टँडअलोनमध्ये दोन रेडिओ एकाच वेळी जागे असतात, ते वेगळंच. वरच्या पट्टीकडे पाच मिनिटं लक्ष ठेवा. बसल्या जागी ४जी-५जी असं हेलकावत असेल तर संशय पक्का.

उपाय

सगळ्यात स्वस्त उपाय जागेचा. टेबल खिडकीकडे सरकवता आलं तर मित्राच्या घरच्या आकड्यांवरून काय फरक पडेल ते दिसतंच आहे. घरात ब्रॉडबँड असेल तर त्या खोलीत वायफाय वापरा आणि वायफाय कॉलिंगही चालू करा, म्हणजे कॉलचाही प्रश्न सुटेल.

हे जमत नसेल तर त्या जागेपुरता फोन ४जीवर ठेवा. अँड्रॉइडवर सिमच्या सेटिंगमध्ये `Preferred network type` असतं, तिथे ५जी नसलेला पर्याय निवडा. त्यात खालची नेटवर्कंही ठेवलेला पर्याय असेल तर तोच घ्या. निव्वळ `LTE only`, म्हणजे फक्त ४जी, लावायचं असेल तर तुमच्या सिमवर व्होएलटीई, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, चालू आहे याची आधी खात्री करा, नाहीतर डेटा सुरळीत आणि कॉल बंद अशी अवस्था होईल. आयफोनवर `Voice & Data` मध्ये `LTE` आहे. `5G Auto` आणि `5G On` यांत फरक आहे: ५जीचा ठळक फायदा नसेल तेव्हा `5G Auto` वर फोन ४जीकडे जातो. त्याचा भर बॅटरी वाचवण्यावर आहे, त्यामुळे अपलोड अडलेला तो दर वेळी ओळखेलच असं नाही. तरी `5G On` लावून ठेवलं असेल तर आधी ते बदलून पाहा.

एक सल्ला इंटरनेटवर सर्रास दिला जातो, त्यापासून लांब राहा. ५जी "पकडून ठेवायला" त्याच गुप्त मेनूत `NR only` लावा म्हणतात. नॉन-स्टँडअलोन नेटवर्कवर असं केलं की ज्या ४जीच्या आधाराने ५जी चालतं तोच काढून घेतला जातो आणि फोनला नेटवर्कच मिळत नाही. स्टँडअलोनवर डेटा मिळेल, पण कॉलसाठी ४जीवर उतरायची वाट बंद होते. संकटाच्या वेळी कॉल लागला नाही तर कारण आठवणारही नाही.

नेटवर्क रीसेट आणि सिम काढून घालणं यांचा या त्रासावर काही उपयोग नाही. थोडा वेळ बरं वाटतं, कारण फोन नव्याने जोडला जाताना बऱ्याचदा आधी ४जीवर बसतो आणि मग पुन्हा ५जीकडे ढकलला जातो. रीसेटमुळे साठवलेले वायफायचे पासवर्ड मात्र जातात. फोनची शंका असेलच तर त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा ५जी फोन त्याच जागी ठेवून पाहा. दोघांचाही अपलोड बसला तर फोन निर्दोष. दुसऱ्याला त्याच सिग्नलवर पाच-सहा एमबीपीएस मिळाले, तर अँटेना किंवा जाड धातूचं कव्हर तपासायला हवं.

तक्रार करायचीच असेल तर "नेट स्लो आहे" असं लिहू नका. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: फोन रीस्टार्ट करा. लिहायचं ते असं: अमुक जागी, घरात, ५जीवर सिग्नल −११३, डाउनलोड ४६ आणि अपलोड ०.४; त्याच जागी ४जीवर अपलोड ५.६, फोन ५जी सोडत नाही, दोन फोनवर हेच. सोबत दोन्ही टेस्टचे स्क्रीनशॉट, तारीख आणि वेळ जोडा. हे वाचल्यावर नेटवर्कच्या माणसाला कळतं की त्या टॉवरवर ५जी सोडायची मर्यादा फार खाली ठेवली आहे, किंवा अँटेनाचा कल तपासायला हवा. मर्यादा बदलणं हे टॉवरवर न चढता होणारं काम आहे. पण ती वर नेली की आसपासचे सगळेच थोडे आधी ४जीवर जातात, आणि ४जी आधीच भरलेलं असेल तर कंपनी ते करायला नाखूश असते. तसं उत्तर आलं, तर त्या खोलीपुरतं ४जी हाच कायमचा इलाज समजा.